वाकळ वाळेना

नऊवारी लुगड्याचा हिशेब मोठा सोयीचा आहे. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. त्याची चौघडी घातली की पावणेसात फूट लांब आणि जेमतेम चार फूट रुंद असा चारपदरी चौकोन तयार होतो, आणि हे बरोबर एका माणसाच्या अंथरुणाचं माप असतं. कात्री लावावी लागत नाही की मोजपट्टी शोधावी लागत नाही. अंगावर नेसून मऊ झालेलं एक लुगडं म्हणजे चार थरांची उन्हाळी गोधडी. त्यात आणखी अर्धं लुगडं घातलं, वरून-खालून जरा चांगल्या कापडाचं तोंड चढवलं की आठ थर होतात आणि थंडीची सोय लागते. सांगली-कोल्हापूरकडे हिला वाकळ म्हणतात, कर्नाटकाच्या सीमेवर कौदी म्हणतात. गाडगेबाबा अंगावर ठिगळं लावलेलं पांघरत, म्हणून लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. बंगालचा कांथा आणि बिहारची सुजनी हीही याच घरची भावंडं. जुनं सुती कापड, थरावर थर आणि साधा धावदोरा.

या लेखातली गोष्ट आहे ती अशाच एका वाकळेची. गोष्ट रचलेली आहे आणि तिच्यातली माणसंही. कापड, टाके, वजनं आणि ऊन मात्र खरं आहे. कोणीही घरी पडताळून पाहावं.

पुण्यातली एक जुनी इमारत. चार मजले, सोळा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. चौथ्या मजल्यावर वेधशाळेतून निवृत्त झालेले अण्णा एकटे राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे कुरकुरणारे. त्यामुळे आठवड्यातून दोनदा खाली उतरणं, तेही भाजी आणि औषधांसाठी. दुधाची पिशवी दाराच्या कडीला लटकते, पेपर दाराखालून आत सरकतो. अण्णांच्या दारासमोरून कोणी जातच नाही, कारण वरच्या जिन्याने फक्त गच्चीवर जाता येतं आणि गच्चीला कुलूप आहे. कुलपाच्या वर पाटी आहे : ‘गच्चीवर वाळवण घालू नये. समितीच्या आदेशावरून.’ पाटीतल्या ‘वाळवण’चा ‘ळ’ पुसला गेला आहे, एवढीच काय ती हालचाल त्या मजल्यावर गेल्या काही वर्षांत झालेली.

एकाकीपणा हा सरकारी कामाचा विषय आहे, हे ब्रिटनने २०१८ साली मान्य केलं आणि त्यासाठी मंत्री नेमला. जपानने २०२१ मध्ये तेच केलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ च्या अहवालात जगातल्या दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणाने गाठलं आहे असं म्हटलं. सोळा बिऱ्हाडांच्या सोसायटीत मंत्री नसतो. सेक्रेटरी असतो, आणि त्याच्याकडे गच्चीची किल्ली असते.

पहिल्या मजल्यावरच्या काकू मूळच्या सांगलीकडच्या. डिसेंबरच्या एका सकाळी दूधवाल्याशी हिशेब करायला अण्णा खाली आले होते, तेव्हा कानटोपीतून त्यांनी सहज तक्रार केली. लेकाने पाठवलेली रजई अंगावर घेतली की घाम येतो आणि बाजूला सारली की हुडहुडी भरते. रात्रभर हेच चाललेलं असतं. काकूंनी रजईचं लेबल न बघताच ओळखलं. रजई पॉलिस्टरची असणार. पॉलिस्टरचा धागा पाणी जवळपास पीतच नाही, तर सूत आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास ओल हवेतून आणि अंगातून शोषून घेऊनही कोरडंच लागतं. जुन्या सुती कापडाचे थर एकावर एक बसले की मधल्या हवेने ऊब धरली जाते, आणि घाम आला तरी तो अंगावर साचून राहत नाही. संक्रांतीला अण्णांना वाकळ द्यायची, असं काकूंनी ठरवून टाकलं. महिनाभर हातात होता.

सासूबाईंची दोन लुगडी पेटीत होती. काकूंनी आधी कापड तपासलं. उजेडाकडे धरलं, दोन्ही अंगठ्यांनी ताणलं. जिथे ‘टर्र’ झालं तो भाग पोटात घालायचा, वरच्या तोंडाला नाही, कारण वरचं कापड विरलेलं असेल तर ते टाक्याच्या रेषेवरच फाटत जातं. मग एकेका कापडाचा धागा ओढून काडीने पेटवला. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटाला लागते. कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी होतो. मणी झालेली एक साडी त्यांनी बाजूला काढली. हे कसब नाही, शहाणपण आहे : सूत आणि पॉलिस्टर एकाच वाकळेत आले की धुतल्यावर सूत आटतं, पॉलिस्टर आटत नाही आणि सगळ्या वाकळेवर कायमच्या सुरकुत्या पडतात.

तोंडासाठी त्यांनी स्वतःच्या दोन साड्या काढल्या. त्यातली एक लाल, फारशी न नेसलेली. इथे काकूंनी एक गोष्ट केली नाही. ओल्या पांढऱ्या फडक्याने तो लाल रंग घासून पाहायला हवा होता. फडक्याला रंग लागला तर निथळ पाणी येईपर्यंत ती साडी चार-पाचदा वेगळी धुवायला हवी होती. संक्रांत जवळ आलेली होती आणि काकूंना वाटलं, साडी महागाची आहे, रंग पक्काच असणार.

दुसरी चूक जागेची झाली. पावणेसात फूट बाय चार फुटांची वाकळ घालायची, म्हणजे तिच्या चारी बाजूंनी माणूस बसेल इतकी मोकळी जमीन हवी. वाड्यात ओसरी असायची, खेड्यात अंगण असायचं. एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये सोफा, टीपॉय आणि टीव्हीचं कपाट वजा केलं की उरतो तो माणसांना ये-जा करण्यापुरता रस्ता. काकूंनी वाकळ पलंगावर घातली. गादी मऊ, आणि मऊ पृष्ठभागावर थर खाली दबून बसतात. हाताने सारखे केलेले दिसतात, पण वरचा थर खालच्यापेक्षा बोटभर सैल राहतो. त्यात काकू एकट्या. दुसरं टोक ओढून धरायला कोणी नाही. कच्चे टाके त्यांनी घातले खरे, पण कडेकडेने. मग पक्का धावदोरा कडेपासून आत आत फिरवत नेला की प्रत्येक फेरीबरोबर तो बोटभर सैलपणा मधल्या भागाकडे ढकलला जातो. शेवटच्या फेऱ्यांना पोहोचल्यावर काकूंना दिसलं की वाकळेला पोट सुटलं आहे. त्यांनी चुणी घालून ते दाबलं. जवळून पाहणाऱ्यालाच कळलं असतं.

टाक्यांचा हिशेबही इथेच सांगायला हवा, म्हणजे काकूंचा महिना कुठे गेला ते लक्षात येईल. दोन ओळींमध्ये एक बोट अंतर, म्हणजे साधारण पाऊण इंच. चार फूट रुंदीत अशा चौसष्ट ओळी बसतात. प्रत्येक ओळ पावणेसात फुटांची धरली तर सगळी मिळून चारशे बत्तीस फूट होतात. कडेकडेने चौकोनी फेऱ्या घातल्या तरी बेरीज तेवढीच येते. इंचाला दोन टाके धरले तरी दहा हजारांच्या वर टाके. दोरा दुहेरी, म्हणजे तीनशे वार तरी लागतो, आणि तो एका वेळी खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंतच घ्यायचा; लांब घेतला की गुंता होतो. मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतला की आठ थरांतून सरकायला सोपा जातो. गाठ थरांच्या आत लपवायची. एक ओळ शिवायला पंधरा मिनिटं म्हटलं तरी सोळा तास. यात मानेला आणि चष्म्याला लागणारी विश्रांती धरलेली नाही.

संक्रांतीच्या संध्याकाळी तीळगुळाच्या वाटीबरोबर वाकळ चौथ्या मजल्यावर गेली.

“वहिनी, एवढं कशाला?” अण्णा म्हणाले. त्यांनी वाकळेवरून हात फिरवला, दोनदा धन्यवाद म्हटलं आणि काकू गेल्यावर ती कपाटात ठेवून दिली. इतकी चांगली वस्तू रोज कशी वापरायची? पुढचे दहा-बारा दिवस ते रजईतच घामेजत राहिले.

भेट देऊन इमारत बदलली, असं लिहायला लेखकाला फार आवडलं असतं. पण भेटीने काहीच बदललं नाही. जे बदललं ते त्या लाल साडीने.

जानेवारीच्या शेवटी थंडीची एक लाट आली तेव्हा अण्णांनी अखेर वाकळ बाहेर काढली. तिसऱ्या रात्री उशाशी ठेवलेला तांब्या कलंडला. सकाळी पाहतात तो पांढरी चादर गुलाबी, बनियन गुलाबी आणि वाकळेच्या खालच्या अंगालाही गुलाबी नकाशे उमटलेले. अण्णांना वाटलं, आपल्याच हलगर्जीपणाने वाकळ वाया गेली. मग घाबरलेली माणसं करतात तेच त्यांनी केलं. गिझरचं कडक पाणी आणि भरपूर पावडर! गरम पाण्याने रंग आणखी सुटला. पक्का नसलेला रंग गार पाण्यात, लगेच आणि वेगळा धुवायचा असतो, आणि डाग लागलेलं कापड तसंच वाळू द्यायचं नसतं, कारण वाळलं की डाग घर करतो.

पुढची अडचण रंगापेक्षा मोठी होती. कोरडी असताना दोन किलोच्या आत-बाहेर भरणारी वाकळ पाण्यातून काढली की निथळती पाच-सहा किलो होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा एकटा माणूस ती बादलीतून उचलू शकतो, पण पिळू शकत नाही. पिळायला दोन माणसं लागतात. एकाने या टोकाला धरायचं, दुसऱ्याने त्या. अण्णांनी ती कशीबशी खिडकीच्या गजांवर टाकली. बाहेरचा थर संध्याकाळपर्यंत वाळला, आतले सहा ओलेच राहिले. दुसऱ्या दिवशी कुबट वास सुटला. तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णा ती पोत्यात घालून, कठड्याला धरत, एकेक पायरी उतरत पहिल्या मजल्यावर आले. भाजी आणि औषधांशिवाय दुसऱ्या कशासाठी ते कोणाच्या दारात गेले, याला किती वर्षं झाली होती ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

“वहिनी, तुमची वाकळ मी घालवली.”

काकूंनी पोत्यात डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा साडीपेक्षा लाल झाला. “तुम्ही नाही हो अण्णा, मी घालवली. साडी धुऊन घ्यायला हवी होती मी. या आत, चहा टाकते.”

चहाच्या दुसऱ्या कपापर्यंत दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं. हिला ऊन हवं, खिडकीतली तिरीप नको, भरपूर ऊन. आणि भरपूर ऊन एकाच ठिकाणी होतं.

सेक्रेटरी वाईट माणूस नव्हता. गच्चीला कुलूप घालण्यामागे त्याची कारणं होती : गळती थांबवण्यासाठी केलेल्या कामावर कोणीतरी पाटा-वरवंटा आपटला होता, आणि लोणच्याच्या एका बरणीवरून दोन बिऱ्हाडांत जुंपली होती. गच्ची सगळ्यांच्या सामाईक मालकीची आहे, ही आठवण काकूंनी करून दिल्यावर त्याने अर्ज मागितला. अण्णांनी सरकारी वळणाचा अर्ज लिहिला, विषय : ‘वाकळ वाळविण्याबाबत’. परवानगी मिळाली ती एका रविवारपुरती, सकाळी दहा ते चार.

आता ती वर न्यायची कोणी? काकूंनी ती रात्रीच गार पाण्यात पुन्हा भिजवून ठेवली होती, त्यामुळे वजन परत सहा किलोंवर. तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारी तीन कॉलेजची मुलं नाश्त्याला निघाली होती. “ए बाळांनो,” काकूंनी हाक मारली, आणि पोह्यांचं आमिष दाखवलं. मुलांनी बादली उचलली, वाकळेचं एक टोक बाहेर लोंबत राहिलं आणि पहिल्या मजल्यापासून चौथ्यापर्यंत पाण्याची एक गुलाबी रेघ उमटली. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी नुकतीच फरशी पुसलेली. त्या रेघेमागे भांडायला म्हणून वर आल्या आणि गच्चीवरचा प्रकार पाहून भांडण विसरल्या.

“एका दोरीवर टाकता का कुणी गोधडी? टाके तुटतात सगळे.”

“वाकळ आहे ती,” काकू म्हणाल्या.

“परभणीला गोधडीच म्हणतात.”

त्यांचं म्हणणं मात्र बरोबर होतं. ओली गोधडी एका दोरीवर घडी घालून टाकली की सगळं वजन एकाच रेषेवर येतं. तिथले टाके ताणले जातात आणि आतला थर वाळत नाही तो वेगळाच. हातभर अंतरावर दोन दोऱ्या बांधायच्या, म्हणजे मधून वारा खेळतो. दर दोन तासांनी उलटायची. पीळ घालून पिळायची नाही. घडी करून पायाने दाबायची, म्हणजे पाणी जातं आणि दोरा शाबूत राहतो. वाळली की नाही ते हाताच्या पंजाला कळत नाही, ते मधोमध गाल टेकवून पाहायचं. गार लागलं तर आत अजून ओल आहे.

दुपारी दोन वाजता दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी गाल टेकवला आणि डोकं वर न करताच विचारलं, “हिला पोट कसं सुटलंय?”

काकूंनी पलंगाची गोष्ट सांगितली. मग बऱ्याच वेळाने, ऊन उतरायला लागलं तेव्हा, वाकळ उसवून पुन्हा घालायची असं ठरलं. कोणी ठरवलं हे आता नक्की सांगता येत नाही. तिघंजण आपापलं नाव सांगतात. सेक्रेटरीकडे दुसरा अर्ज गेला, आणखी तीन रविवारांसाठी.

उसवणं हे शिवण्यापेक्षा कंटाळवाणं काम. थर ओढायचे नाहीत. प्रत्येक चौथा-पाचवा टाका कापायचा, मग दोरा आपोआप निघून येतो. मुलांना हे जमलं. लाल साडी एकटी बादलीत पडली आणि पाचव्या पाण्याला निथळ झाली. तिचा आता पेरूच्या गरासारखा रंग उरला होता आणि तो अण्णांना अधिक आवडला. गुलाबी डाग पडलेले थर पोटात गेले.

पुढच्या रविवारी गच्चीच्या टणक, सपाट जमिनीवर चटई अंथरून थर पुन्हा रचले. चार कोपऱ्यांवर चार माणसं, सगळ्यांनी एकदम ताणायचं. कच्चे टाके या वेळी मधोमध सुरू करून बाहेर नेले, अधिकच्या चिन्हासारखे, मग तिरके. म्हणजे सैलपणा कडेला निघून जातो आणि तिथे कापून टाकता येतो. ही एवढीशी गोष्ट पलंगावर, एकट्या माणसाला, कितीही कसब असलं तरी जमणं अवघड. त्यानंतर चारी बाजूंनी पक्का धावदोरा. सोळा तासांचं काम चौघींत वाटलं तर चार तासांचं, पण चौघी बसल्या की बोलणंही होतंच, म्हणून ते तीन रविवार पुरलं.

तीन मुलांपैकी एकाने हट्टाने सुई मागितली. त्याचे टाके लांब लांब पडत होते. काकूंनी समजावलं, “इंचाला दोन तरी हवेत रे. लांब टाका दिसायला चालतो, पण रात्री पायाचा अंगठा त्यात अडकतो, दोरा तुटतो आणि मग ओळच्या ओळ उसवत जाते.” त्याने मान डोलावली आणि आपल्या वेगाने शिवत राहिला. त्या बाजूच्या तीन ओळी त्याच्या. त्या आजही ओळखू येतात.

शेवटची फेरी पूर्ण होण्याआधी काकू थांबल्या. त्यांच्या माहेरी वाकळ उपाशी ठेवत नसत, पोटात काहीतरी घालून मगच तोंड मिटत. अण्णांनी घरातून तांदळाचे सात दाणे आणले. मुंग्या होतील, असं परभणीचं म्हणणं पडलं. दाणे तरीही आत गेले.

यानंतर इमारतीत जे झालं त्यात मनं जुळण्याचा भाग थोडा आणि जिन्याचा भाग जास्त आहे. तीन रविवार गच्ची उघडी राहिली तेव्हा इतरांनीही गाद्या, उशा, डाळी वर आणल्या. परवानगी हळूहळू पडून गेली आणि अर्ज लिहिणं थांबलं. गच्चीवर जाणारा प्रत्येक माणूस अण्णांच्या दारासमोरून जायला लागला. दार उघडं दिसलं की दोन शब्द होतात. आणि समोर वेधशाळेतला माणूस बसला आहे म्हटल्यावर पहिला प्रश्न ठरलेला : “अण्णा, आज वाळेल का हो?”

अण्णांनी सुरुवातीला तोंडी उत्तरं दिली. मग दारावर एक पाटी टांगली. सकाळी खडूने त्यावर एकच शब्द लिहिलेला असतो : ‘वाळेल’, ‘वाळणार नाही’ किंवा ‘दुपारनंतर काढा’. हवेतला दमटपणा जास्त असेल तर कडक ऊन असूनही जाड कापडाच्या आतली ओल निघत नाही, आणि हवा कोरडी असेल तर पातळ ढगातही वाळवण होतं, हे त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं आहे. वर्षभरात त्यांचा अंदाज चार वेळा चुकला. चारही वेळा ज्यांची डाळ भिजली त्यांनी वेधशाळेच्या नावाने जुने विनोद केले, आणि अण्णा ते ऐकून घेतात.

पहिली मोठी धांदल झाली ती नवरात्राच्या आधी. घट बसण्यापूर्वी घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. गावाकडे त्यासाठी बैलगाडी भरून नदीवर जात. फ्लॅटमध्ये हे काम वॉशिंग मशीनच्या तोंडात मावेल तेवढंच उरलं होतं. त्या वर्षी गच्चीवर नऊ बिऱ्हाडांचं सामान होतं. एका घरातून तर बाळंतपणातलं दुपटं निघालं, ज्यात वाढलेला मुलगा आता दहावीला आहे आणि ते पाहून पळून गेला.

भांडणंही झाली. टाकीचं पाणी दुपारपर्यंत संपलं आणि दुसऱ्या दिवशी सूचना लागली : प्रति बिऱ्हाड चार बादल्या. दोरीवरच्या जागेवरून वाद झाला आणि सेक्रेटरीने तो आपल्या पूर्वीच्या म्हणण्याचा पुरावा म्हणून बैठकीत मांडला. दुसऱ्या मजल्यावरचं डावीकडचं दार बंद होतं ते अजूनही बंदच आहे. त्यांना कोणाची वाकळ नको आहे, आणि ते त्यांचं त्यांनी ठरवलेलं आहे. पाटी मात्र उतरली. ती आता अण्णांच्या पाटीच्या मागच्या बाजूला आहे, कारण अण्णांनी नवा फळा विकत न घेता तीच उलटी करून वापरली.

यंदाच्या डिसेंबरमध्ये पुन्हा कडाका पडला. तिसऱ्या मजल्यावरचा तो मुलगा सकाळी घाईत जिना उतरत होता, परीक्षा होती. वरून हाक आली. त्याने मान वर करून पाहिलं. अण्णा कठड्याला धरून उभे होते, अंगावर वाकळ, एक पाय किंचित उचललेला.

“अरे, तुझ्या टाक्यात अडकला बघ अंगठा. परवा एक ओळ गेली, काल दुसरी. रविवारी ये, सुई घेऊन. आणि येताना वहिनींना सांग, मेणबत्ती माझ्याकडे आहे.”